ग्राफिक्स कार्डाचा झुकाव

ग्राफिक्स कार्डाचा झुकाव म्हणजे संगणकाच्या उभ्या कॅबिनेटमध्ये आडवे बसवलेले जड ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या वजनामुळे मोकळ्या टोकाकडे खाली उतरणे. अशा कार्डाला मागच्या बाजूला धातूच्या पट्टीचा आणि एका कडेला मदरबोर्डावरील स्लॉटचा आधार असतो. समोरचे टोक मात्र अधांतरी राहते. कार्ड जितके जड आणि लांब, तितका झुकाव अधिक. तो रोखण्यासाठी कार्डाखाली जो खांब, कंस किंवा चौकट लावतात तिला बोली भाषेत ‘जीपीयू होल्डर’ किंवा ‘सपोर्ट ब्रॅकेट’ म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘टेकू’ हा शब्द वापरला आहे.

टेकू खरोखर आवश्यक आहे की केवळ शोभेचा, हा संगणक जोडणाऱ्यांमधील नेहमीचा वाद आहे. हलक्या व आखूड कार्डांना त्याची गरज नसते. दीड-दोन किलोग्रॅमच्या कार्डांच्या बाबतीत टेकू स्लॉटवरील ताण कमी करतो. परंतु कार्डांना होणाऱ्या गंभीर इजेचा मोठा भाग संगणक हलवताना बसणाऱ्या धक्क्यांशी निगडित आहे, आणि त्या धक्क्यांपासून साधा टेकू संरक्षण देत नाही.

## पार्श्वभूमी

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचे कॅबिनेट आडवे होते. मदरबोर्ड तळाशी सपाट असे आणि विस्तार कार्डे त्यावर उभी बसत. उभ्या कार्डाचे वजन सरळ स्लॉटमधून खाली जात असल्याने झुकण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. पूर्ण लांबीच्या कार्डांसाठी कॅबिनेटच्या पुढच्या भागात प्लॅस्टिकची खाचदार पट्टी असे. कार्डाचे दुसरे टोक तिच्यात सरकवले जाई. म्हणजे त्या काळी लांब कार्डाला दोन्ही टोकांना आधार मिळत होता.

पुढे टॉवर प्रकारची उभी कॅबिनेट रूढ झाली. मदरबोर्ड उभा झाला आणि कार्डे आडवी झाली. तोवरची बहुतेक कार्डे आखूड व हलकी असल्यामुळे पुढच्या टोकाची खाचदार पट्टी घरगुती कॅबिनेटमधून हळूहळू नाहीशी झाली, आणि कोणाला तिची उणीवही भासली नाही.

उणीव भासू लागली ती शीतक मोठे झाल्यावर. ग्राफिक्स कार्डाच्या वजनात सर्किट बोर्डाचा वाटा थोडा असतो. बहुतांश वजन तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पात्या आणि त्यांना धरणारी चौकट यांचे असते. कार्ड जितकी वीज वापरते तितकी उष्णता बाहेर काढावी लागते, आणि तितका धातू वाढतो. २०१६ मधील एनव्हिडिया जीफोर्स जीटीएक्स १०८० या कार्डाची विजेची कमाल गरज १८० वॅट होती आणि ते दोन स्लॉटांच्या जाडीत मावत असे. २०२२ मधील आरटीएक्स ४०९० ची गरज ४५० वॅट होती. एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्तीची लांबी ३०४ मिलिमीटर, जाडी तीन स्लॉटांएवढी आणि वजन सुमारे २.२ किलोग्रॅम होते. इतर उत्पादकांच्या काही आवृत्त्या याहूनही लांब व जड होत्या, आणि त्यांपैकी अनेकींच्या खोक्यात टेकू सोबतच दिला जात असे. केवळ विजेवरून वजन ठरत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची गरज ५७५ वॅटपर्यंत गेली, तरी एनव्हिडियाच्या आवृत्तीची जाडी पुन्हा दोन स्लॉटांवर आली.

## यांत्रिक कारण

### आधाराच्या जागा

आडव्या कार्डाला दोन ठिकाणी आधार असतो. पहिला आधार म्हणजे मागची धातूची पट्टी, जिच्यावर मॉनिटरची केबल जोडण्याची तोंडे असतात. ती कॅबिनेटच्या मागील पत्र्याला एक ते तीन स्क्रूंनी घट्ट केली जाते. दुसरा आधार म्हणजे पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. कार्डाच्या कडेची सोनेरी संपर्कपट्टी या स्लॉटमध्ये एक सेंटीमीटरपेक्षाही कमी खोल शिरते. लांबीच्या दिशेने पाहिल्यास ही पकड मागच्या पट्टीपासून साधारण १३ सेंटीमीटर अंतरावर संपते. तिच्या लगतच स्लॉटच्या टोकाला एक छोटा खटका असतो. कार्डाच्या कडेला कापलेल्या आकड्यासारख्या भागात तो अडकतो आणि कार्ड स्लॉटमधून बाहेर सरकू देत नाही.

३० सेंटीमीटर लांबीच्या कार्डाचा उरलेला १७ सेंटीमीटर भाग घराच्या सज्ज्याप्रमाणे हवेत राहतो. सज्ज्याच्या लोखंडी सळया भिंतीत खोलवर रुतलेल्या असतात. कार्डाच्या ‘भिंती’ मात्र दोन्ही कमकुवत आहेत: एक पातळ पत्रा आणि एक प्लॅस्टिकची खाच.

सर्वांत जास्त खाली उतरतो तो मदरबोर्डापासून दूर असलेला पुढचा कोपरा. याचे कारण असे की मागच्या बाजूला स्क्रू कार्डाच्या बाहेरील कडेला असतात, म्हणून तेथे बाहेरील कड धरून ठेवली जाते. पुढच्या बाजूला बाहेरील कडेस काहीच आधार नसतो. त्यामुळे कार्ड एकाच वेळी लांबीच्या दिशेने खाली जाते आणि रुंदीच्या दिशेने किंचित पिळले जाते. काचेच्या झडपेतून पाहणाऱ्याला नेमका हाच कोपरा सर्वांत जवळ दिसतो, आणि म्हणून झुकाव असतो त्यापेक्षा अधिक भासतो.

### एक हिशेब

२.२ किलोग्रॅम वजनाचे व ३०४ मिलिमीटर लांबीचे कार्ड उदाहरणादाखल घेता येईल. त्याचा गुरुत्वमध्य साधारण मध्यावर, म्हणजे मागच्या पट्टीपासून सुमारे १५ सेंटीमीटरवर आहे असे मानू. स्लॉटची पकड १३ सेंटीमीटरवर संपत असल्याने गुरुत्वमध्य पकडीच्या पलीकडे पडतो. येथेच प्रश्नाचे मूळ आहे.

मागचे स्क्रू सैल असतील आणि पट्टी बिजागरीसारखी वागत असेल, तर स्लॉटचे पुढचे टोक हा तराफ्याचा टेकणबिंदू बनतो. तरफेच्या नियमाने त्या टोकावर २.२ × १५ ÷ १३, म्हणजे सुमारे २.५ किलोग्रॅमचा भार येतो. हा भार कार्डाच्या संपूर्ण वजनापेक्षा जास्त आहे. कारण कार्डाचे मागचे टोक वर उचलले जाऊ पाहते आणि पट्टीला ते खाली ओढून धरावे लागते. स्क्रू घट्ट असतील तर पट्टी बिजागरी राहत नाही. वळवू पाहणाऱ्या बलाचा मोठा वाटा ती स्वतः पेलते आणि स्लॉटवरील भार कमी होतो.

आता मागच्या पट्टीपासून २८ सेंटीमीटरवर टेकू लावला, तर टेकूवर २.२ × १५ ÷ २८, म्हणजे सुमारे १.२ किलोग्रॅम भार येतो. उरलेला सुमारे १ किलोग्रॅम मागच्या पट्टीवर जातो. स्लॉटच्या वाट्याला वजन जवळजवळ उरत नाही, आणि त्याचे मूळ काम, म्हणजे विद्युतसंपर्क, तेवढे शिल्लक राहते.

हाच टेकू मागच्या पट्टीपासून १२ सेंटीमीटरवर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या अलीकडे लावला, तर त्याचा उपयोग होत नाही. तेथे त्याच्यावर सुमारे २.८ किलोग्रॅम भार येतो आणि तो स्वतःच टेकणबिंदू बनून मागचे टोक वर ढकलतो. टेकू नेहमी गुरुत्वमध्याच्या पुढे, शक्यतो मोकळ्या टोकाजवळ लावावा या नियमाचे कारण हेच आहे. वरील हिशेब फक्त लांबीच्या दिशेचा आणि सरळ पट्टीसारख्या कार्डाचा आहे. प्रत्यक्षात पिळामुळे आकडे थोडे बदलतात, पण निष्कर्ष तोच राहतो.

## झुकाव आणि बाक यांतील फरक

डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी प्रत्यक्षात वेगळ्या असतात. पहिल्या प्रकारात संपूर्ण कार्ड सरळच राहते आणि मागच्या पट्टीपाशी तिरके होते. हा *झुकाव* होय. त्याचे कारण सैल स्क्रू, वाकणारा पत्रा किंवा पट्टी व पत्रा यांतील फट हे असते. दुसऱ्या प्रकारात कार्ड स्वतःच कमानीसारखे वाकते. हा *बाक* होय. ज्या कार्डांना पाठीमागे धातूची ताठ पट्टी नाही किंवा ज्यांची शीतकाची चौकट सर्किट बोर्डाला फक्त चिपच्या भोवती जोडलेली आहे, त्यांच्यात बाक आढळतो.

हा फरक ओळखण्यासाठी एक सरळ पोलादी पट्टी कार्डाच्या पाठीवर, लांबीच्या दिशेने टेकवून पाहतात. पट्टी सर्वत्र टेकली तर तो झुकाव आहे. वाकलेले कार्ड मध्ये फुगीर होते; पट्टी मध्यावर टेकते आणि टोकांशी फट दिसते. काही कार्डांच्या पाठीवर उठावदार नक्षी असते. अशा वेळी पट्टी कार्डाच्या कडेला धरावी लागते.

दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. झुकावामुळे ताण येतो तो प्रामुख्याने स्लॉट आणि मागची पट्टी यांच्यावर. बाकामुळे ताण येतो तो सर्किट बोर्डावर आणि त्यावर डाख देऊन जोडलेल्या भागांवर. म्हणून पाच मिलिमीटरचा झुकाव आणि पाच मिलिमीटरचा बाक यांची गंभीरता सारखी नसते. बाक अधिक चिंतेचा असतो. ३०० मिलिमीटर लांबीवर पाच मिलिमीटर उतार म्हणजे केवळ एक अंशाच्या आसपासचा कोन असतो. सरळ राहिलेल्या कार्डाच्या बाबतीत स्लॉटमधील स्प्रिंगसारखे संपर्क एवढा फरक सहसा सहज सामावून घेतात.

## संभाव्य परिणाम

### स्लॉट आणि संपर्क

स्लॉटचे प्लॅस्टिकचे टोक सततच्या भाराने किंचित उघडू शकते आणि खटका तुटू शकतो. याला उत्तर म्हणून अनेक मदरबोर्डांवर मुख्य स्लॉटला धातूचे कवच असते, आणि ते मदरबोर्डाला जास्तीच्या बिंदूंवर डाखलेले असते. कवचामुळे स्लॉट तुटण्याची शक्यता घटते, परंतु कार्डाला मिळणारा आधार लांबत नाही. त्यामुळे झुकाव पूर्वीइतकाच राहतो. ताण फक्त स्लॉटकडून कार्डाकडे सरकतो.

संपर्क बिघडल्यास संगणक सुरू होताना कार्ड ओळखले जात नाही, पडदा अधूनमधून काळा होतो, किंवा कार्ड १६ ऐवजी ८ वा त्याहून कमी मार्गिकांवर चालू लागते. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी हे पुढील आज्ञेने तपासता येते:

```
nvidia-smi --query-gpu=pcie.link.gen.current,pcie.link.width.current --format=csv
```

उत्तरातील दुसरा आकडा मार्गिकांची संख्या दाखवतो. पूर्ण रुंदीच्या कार्डासाठी तो १६ असावा. पहिला आकडा जोडणीची पिढी दाखवतो. संगणक निवांत असताना वीज वाचवण्यासाठी हा आकडा आपोआप खाली येतो, म्हणून तपासणी एखादा खेळ किंवा चाचणी चालू असताना करावी. आकडा ८ दिसला म्हणून लगेच झुकावाला दोष देणे योग्य नाही. काही कार्डे मुळातच आठ मार्गिकांची असतात, आणि अनेक मदरबोर्डांवर दुसरा स्लॉट किंवा एखादी एसएसडीची जागा वापरल्यास मुख्य स्लॉटच्या मार्गिका विभागल्या जातात. कार्ड हाताने हलकेच उचलून धरल्यावर अडचण दूर होत असेल आणि सोडल्यावर परत येत असेल, तरच झुकावाचा संशय बळकट होतो. विंडोजमध्ये अशा संपर्कदोषांच्या नोंदी `Event Viewer` मध्ये `WHEA-Logger` या नावाखाली सापडतात.

### सर्किट बोर्डाला तडा

स्लॉटची पकड जेथे संपते तेथेच कार्डाच्या कडेला खटक्यासाठीचा आकडा कापलेला असतो. आधार असलेला भाग आणि अधांतरी भाग यांच्या सीमेवर वाकवणारा ताण मोठा असतो, आणि कापलेल्या खाचेच्या आतील कोपऱ्यात तो आणखी एकवटतो. कागदाला आधी छोटी चीर दिली तर तो त्याच जागी फाटतो, तसाच हा प्रकार आहे. सर्किट बोर्ड अनेक थरांचा असतो. कोपऱ्यातून निघालेला केसासारखा तडा आतील थरांतील तांब्याच्या रेषा तोडतो. या भागात स्लॉटकडून चिपकडे जाणाऱ्या संदेशवाहक रेषा दाटीने असल्याने थोडा तडाही कार्ड निकामी करू शकतो. अनेक थरांतील तुटलेल्या रेषा जोडणे अत्यंत किचकट असते. बहुतेक वेळा अशी दुरुस्ती परवडत नाही.

२०२३ मध्ये काही दुरुस्ती-तंत्रज्ञांनी याच जागी तडे गेलेली अनेक जड कार्डे सार्वजनिकरीत्या दाखवली आणि या विषयाकडे लक्ष वेधले गेले. मात्र दुरुस्तीसाठी आलेली कार्डे ही आधीच बिघडलेल्या कार्डांची निवड असते. तिच्यावरून एकूण कार्डांपैकी किती कार्डांना तडे जातात हे ठरवता येत नाही. तसेच तडा स्थिर झुकावाने गेला की वाहतुकीतील धक्क्याने, हे तडा पाहून निश्चित सांगणे अवघड असते.

### डाखाचे सांधे आणि संधारित्रे

मुख्य चिप बोर्डाला डाखाच्या बारीक गोळ्यांनी जोडलेली असते. बोर्ड वाकला तर सर्वाधिक ताण चिपच्या कोपऱ्यांवरील गोळ्यांवर येतो. कार्ड रोज तापते आणि निवते; या चक्राने सांध्यांवर ताण येतच असतो, आणि कायमचा बाक त्यात भर घालतो. चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाची छोटी संधारित्रेदेखील बोर्ड वाकल्यास तडकतात, हा इलेक्ट्रॉनिक उत्पादनातील परिचित दोष आहे. हे सर्व परिणाम बाकाचे आहेत. ताठ चौकटीच्या आणि फक्त तिरक्या झालेल्या कार्डात ते फारसे संभवत नाहीत.

## टेकूची गरज केव्हा

वरील विवेचनावरून टेकूची गरज तीन गोष्टींवर ठरते: वजन, मोकळ्या भागाची लांबी आणि कार्डाचा ताठपणा. सुमारे एक किलोग्रॅमपर्यंतच्या, दोन स्लॉटांच्या आणि २५ सेंटीमीटरपेक्षा आखूड कार्डाचा गुरुत्वमध्य स्लॉटच्या पकडीच्या आत किंवा तिच्या जवळपास पडतो. अशा कार्डाला नीट घट्ट केलेले स्क्रू पुरेसे असतात. तेथे टेकू लावल्याने हानी होत नाही, पण यांत्रिक लाभही नगण्य असतो. दीड किलोग्रॅमच्या पुढील आणि ३० सेंटीमीटरच्या आसपासच्या कार्डाला टेकू लावणे शहाणपणाचे ठरते. या दोहोंच्या मधल्या कार्डांसाठी पोलादी पट्टीची चाचणी निर्णायक मानावी: कार्ड वाकत असेल तर टेकू लावावा, सरळ असेल तर स्क्रू तपासून पुढे जावे. हे आकडे कोणत्याही मानकातील मर्यादा नसून ठोकताळे आहेत.

टेकू नसलेली असंख्य जड कार्डे वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात, हा टेकूविरोधी युक्तिवाद खरा आहे. त्यातून एवढेच सिद्ध होते की स्थिर झुकाव हे अपयशाचे हमखास कारण नाही. टेकूचा खर्च कार्डाच्या किमतीच्या तुलनेत अत्यल्प असतो आणि एकदा गेलेला तडा भरून येत नाही. टेकू लावण्याचा सल्ला या तुलनेवर आधारलेला आहे.

## टेकूचे प्रकार

उभा खांब हा सर्वांत सोपा प्रकार होय. तो वीजपुरवठ्यावरील झाकणावर किंवा कॅबिनेटच्या तळावर उभा राहतो आणि त्याची उंची आटे फिरवून कमीजास्त करता येते. बुडाशी चुंबक आणि माथ्यावर रबर असलेला खांब अधिक स्थिर असतो. ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या पृष्ठावर चुंबक अर्थातच चिकटत नाही.

आडवा कंस कार्डाखालच्या रिकाम्या स्लॉटच्या जागी मागच्या पत्र्याला स्क्रूने बसतो आणि कार्डाखालून पुढे येतो. खाली उभे राहण्यास जागा नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो. परंतु त्याचा आधारही त्याच पातळ पत्र्यावर अवलंबून असल्याने जड कार्डासह कंस स्वतःच झुकू शकतो.

चौकटीला जोडलेला आधार मदरबोर्डाच्या स्क्रूंना किंवा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पक्का बसतो. काही कार्डांसोबत मिळणारे कंस या प्रकारचे असतात. कार्ड वरखाली दोन्ही दिशांनी धरले जात असेल, तर धक्क्याच्या वेळीही याचा उपयोग होतो.

घरगुती उपाय म्हणून लाकडाचा ठोकळा किंवा लेगोच्या विटा वापरल्या जातात. वस्तू वीजवाहक नसावी, उष्णतेने मऊ पडू नये आणि पंख्याची हवा अडवू नये, एवढ्या अटी पाळल्या तर असा टेकू विकतच्या टेकूपेक्षा यांत्रिकदृष्ट्या कमी नसतो. विजेच्या केबलने कार्ड वर ताणून धरणे मात्र अयोग्य आहे. त्यामुळे केबलच्या जोडावर तिरका ताण येतो आणि जोड सैल होऊन तापू शकतो.

कार्ड उभे बसवणे हा वेगळा मार्ग आहे. यासाठी स्लॉट आणि कार्ड यांच्यामध्ये लवचीक जोडकेबल लागते. केबल मदरबोर्डाच्या व कार्डाच्या पिढीला साजेशी नसेल तर संदेशात चुका होतात. कार्ड काचेच्या फार जवळ गेल्यास पंख्यांना हवा कमी मिळते. मदरबोर्ड आडवा राहील अशा रचनेचे कॅबिनेट वापरल्यास मात्र झुकावाचा प्रश्नच उरत नाही. १९८१ च्या रचनेकडे परत जाण्यासारखेच ते आहे.

## बसवण्याची पद्धत

टेकू लावण्याआधी मागचे स्क्रू दुरुस्त करणे आवश्यक असते. पुष्कळदा कार्ड बसवतानाच ते वजनाने तिरके झालेले असते आणि त्याच स्थितीत स्क्रू घट्ट केले जातात. म्हणजे झुकाव जणू पक्का केला जातो.

संगणक बंद करून वीजजोडणी काढल्यावर कॅबिनेट सपाट पृष्ठावर उभे ठेवतात. प्रथम कार्डाच्या खालच्या कडेपासून वीजपुरवठ्याच्या झाकणापर्यंतचे अंतर दोन ठिकाणी मोजतात: मागच्या पट्टीजवळ आणि मोकळ्या टोकाजवळ. समजा ही अंतरे ११८ आणि ११२ मिलिमीटर आली, तर झुकाव सहा मिलिमीटर आहे. पाणसळ वापरण्यापेक्षा ही रीत भरवशाची आहे, कारण टेबल किंवा जमीन तिरकी असली तरी दोन अंतरांतील फरक बदलत नाही.

यानंतर मागचे स्क्रू अर्धा-एक फेरा सैल करतात, एका हाताने कार्डाचे मोकळे टोक उचलून समपातळीत धरतात आणि त्याच स्थितीत स्क्रू पुन्हा घट्ट करतात. वरील उदाहरणात हात काढल्यावर अंतर ११५ मिलिमीटर आले, तर निम्मा झुकाव केवळ स्क्रूंमुळे होता असा अर्थ होतो. उरलेला तीन मिलिमीटरचा झुकाव पत्र्याच्या लवचिकतेमुळे किंवा कार्डाच्या बाकामुळे आहे, आणि टेकूचे काम येथून सुरू होते.

टेकूचा माथा शीतकाच्या कठीण कडेखाली, मोकळ्या टोकापासून दोन-तीन सेंटीमीटर आत आणि बाहेरील कडेच्या बाजूला ठेवतात, कारण तोच कोपरा सर्वाधिक खाली आलेला असतो. पंख्याची पाती, उघडा सर्किट बोर्ड किंवा पातळ प्लॅस्टिकचे आवरण यांवर टेकू येऊ देऊ नये. हाताने कार्ड समपातळीत धरून खांब माथा टेकेपर्यंत वर आणतात आणि हात काढून पुन्हा मोजतात. अंतर ११७ ते ११८ मिलिमीटरच्या दरम्यान आले की थांबतात.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे खांब अधिक वर फिरवणे. आट्यांच्या साहाय्याने बोटांनीदेखील कार्डाच्या वजनाच्या कितीतरी पट बल लावता येते. समपातळीच्या वर ढकललेले कार्ड उलट दिशेने वाकते, त्याच खाचेपाशी ताण उलटा येतो आणि संपर्कपट्टी स्लॉटमध्ये तिरकी होते. शेवटी कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसले आहे आणि खटका लागला आहे याची खात्री करून मगच वीज जोडतात. काही दिवसांनी एकदा अंतर पुन्हा मोजणे उपयुक्त असते. प्लॅस्टिकचा टेकू किंवा झाकण भाराने बसल्यास फरक लक्षात येतो.

## वाहतूक

टेकूची मर्यादा संगणक हलवताना स्पष्ट होते. टेबलावरील संगणकात कार्डावर फक्त त्याचे वजन असते. खड्ड्यातून जाणाऱ्या वाहनात किंवा आपटलेल्या खोक्यात त्वरण गुरुत्वाच्या पाचपट झाले, तर २.२ किलोग्रॅमचे कार्ड त्या क्षणी ११ किलोग्रॅमसारखे स्लॉटवर व पट्टीवर आदळते. हे बल केवळ खाली नसते. कार्ड वर उसळते, बाजूला फेकले जाते. खांब फक्त खालून धरतो. कार्ड क्षणभर उसळले की खांब सुटून पडतो आणि आत आदळणारी आणखी एक वस्तू तयार होते.

म्हणून दूरच्या प्रवासाआधी किंवा कुरिअरने पाठवण्याआधी जड कार्ड काढून वेगळे बांधणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग मानला जातो. ते शक्य नसेल तर कॅबिनेट आडवे ठेवून, मदरबोर्ड खाली आणि कार्ड त्यावर उभे राहील अशा स्थितीत न्यावे. तयार संगणक विकणारे अनेक व्यावसायिक कॅबिनेटच्या आत फुगणाऱ्या फोमच्या पिशव्या भरतात. त्या कार्डाच्या आकाराप्रमाणे घट्ट होऊन ते सर्व बाजूंनी धरतात. संगणक मिळाल्यावर चालू करण्याआधी या पिशव्या काढणे अनिवार्य असते. घरातल्या घरात संगणक हलवतानाही खांब काढून ठेवावा, आणि नव्या जागी अंतर मोजून पुन्हा लावावा.

## हेही पाहा

* ग्राफिक्स कार्ड
* पीसीआय एक्सप्रेस
* मदरबोर्ड
* तरफ
* गुरुत्वमध्य